कबड्डी स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसासाठी विनंती (सुधारित पत्र)

उचगाव, २० डिसेंबर २०२५

प्रति,
मालक, पाईप व मोटार पंपांचे दुकान,
खडेबाजार, बेळगाव

आदरणीय मालक, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाची पोरं तुमच्याकडे पत्र घेऊन आली होती. त्यात "युवकांच्या कार्यास सढळ हस्ते मदत करावी" एवढंच लिहिलं होतं. तुम्ही चहा पाजलात आणि विचारलंत, "माझ्या दुकानाला यातून काय?" पोरांकडे उत्तर नव्हतं. प्रश्न रास्त होता, म्हणून ते पत्र बाजूला ठेवून हे नव्याने लिहितो आहे.

शनिवार-रविवार, २४ आणि २५ जानेवारी २०२६ ला उचगावात शाळेजवळच्या मैदानावर ६० किलो वजनी गटाची कबड्डी स्पर्धा आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यातले, शिवाय पलीकडचे चंदगड भागातले मिळून १६ संघ घेणार आहोत. एका संघात १२ खेळाडू, म्हणजे १९२ पोरं, आणि बहुतेक घरी शेती असलेली. रताळी काढून झालेली असतात, उन्हाळी पिकाच्या पाण्याची जुळवाजुळव चालू असते. मोटार आणि पाईपची चौकशी याच दिवसांत होते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

पहिलं बक्षीस १५,००१ रुपयांचं आहे. ते तुमच्या दुकानाच्या नावाने द्यावं, अशी विनंती आहे. त्याबदल्यात आम्ही काय करू, ते मोजून सांगतो.

मॅटच्या दोन्ही लांब बाजूंना ८ बाय ३ फुटांचा एकेक कापडी फलक लागेल. पाटीवर कन्नड ६० टक्के असावं असा दुकानांसाठीचा नियम आहे; आम्ही फलकालाही तेच प्रमाण ठेवतो, कन्नड वर आणि मराठी खाली, म्हणजे ऐनवेळी कुणी येऊन फलक काढायला सांगू नये. कन्नड मजकूर मात्र तुम्हीच लिहून द्या. गेल्या वर्षी एका देणगीदाराच्या आडनावात आमच्याकडून एक अक्षर चुकलं आणि ते दोन दिवस त्या फलकाकडे बघून गप्प बसले होते.

बाद पद्धतीने १६ संघांचे १५ सामने होतात. प्रत्येक सामना सुरू होताना एकदा आणि मधल्या विश्रांतीत एकदा, अशी तुमच्या नावाची ३० वेळा घोषणा होईल. विश्रांती पाच मिनिटांची असते आणि लोक लगेच भज्यांच्या गाड्याकडे पळतात, म्हणून शिट्टी वाजताक्षणीच ती करायची, असं निवेदकाला बजावलं आहे. रात्री दहाला स्पीकर बंद, म्हणून दोन्ही दिवशी संध्याकाळी पाचलाच सुरुवात करू.

प्रवेशाजवळ दहा बाय दहा फुटांची जागा दोन्ही दिवस तुमची. टेबल, दोन खुर्च्या आणि लाईट आम्ही देऊ. मोटार, पाईपचे नमुने, दरपत्रक तुम्ही मांडा. पाईप-मोटारीच्या दुसऱ्या कोणत्याही दुकानाला या स्पर्धेत जागा किंवा फलक देणार नाही, हे लेखी देतो. अंतिम सामन्याचं बक्षीस तुमच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हस्ते व्हावं, अशी सगळ्यांचीच इच्छा आहे.

गर्दी किती होईल, ते छातीठोकपणे सांगत नाही. खुर्च्या ४०० मागवल्या आहेत, बाकीचे लोक बांधावर उभे राहतात. विक्री किती होईल, तेही आमच्या हातात नाही.

रक्कम रोख नको, मंडळाच्या खात्यावर जमा करा. पावती त्याच दिवशी मिळेल. काही कारणाने स्पर्धा झालीच नाही, तर पूर्ण रक्कम आठ दिवसांत परत करू. स्पर्धेनंतर फलकांचे आणि बक्षीस वितरणाचे फोटो, जमाखर्चाच्या कागदासह दुकानात आणून देऊ.

एवढी रक्कम यंदा जमत नसेल, तर उत्कृष्ट चढाईपटूला तुमच्याकडचा एक फवारणी पंप द्या, तेही आनंदाने घेऊ. त्यासाठी मॅटजवळ एक फलक आणि अंतिम दिवशी सात घोषणा ठेवू. ते बक्षीस आणि पकडीचं बक्षीस अजून कुणी घेतलेलं नाही.

हस्तपत्रकं ३ जानेवारीला छापायला जातील. त्याआधी तुमचा होकार आणि मजकूर मिळाला, तर नाव त्यांवरही येईल. येत्या शनिवारी, २७ तारखेला, संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला मी स्वतः येतो. गिऱ्हाईक असेल तर बाहेर थांबतो. नकार असला तरी मोकळेपणी सांगा. आमची मोटार बंद पडली की यायचं तुमच्याकडेच आहे.

आपला नम्र,
सचिव, कबड्डी स्पर्धा समिती
तरुण मंडळ, उचगाव