आजीला पत्र

सोलापूर,
१० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, २६ तारखेला हरतालिका आहे, पत्री कुठून आणणार, वाळू मंगळवेढ्याहून पाठवू का? मी "बघते" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. तुझा आवाज कानात असला की मला नाही म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले. चष्मा न शोधता वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

जूनमध्ये मी इगतपुरीला गेले होते ते आईने तुला सांगितलंच. तिथे विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर असतं. पहाटे ४ वाजता घंटा होते, साडेचारला बसायचं ते रात्री ९ पर्यंत, मध्ये जेवण आणि थोडी विश्रांती. कुणाशी बोलायचं नाही, फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतात. पैसे किती घेतले असं तू विचारणार, तर एक रुपयाही मागत नाहीत. शिबिर पुरं झाल्यावर ज्याला वाटेल त्याने इच्छेप्रमाणे द्यायचं.

मी धर्म सोडला की काय, असं काकूने आईला विचारलं म्हणे. तसं काही नाही, आजी. वाट बुद्धांची आहे, पण तिथे कुणाला धर्म बदलायला सांगत नाहीत. ज्यांनी ही शिबिरं भारतात सुरू केली ते गोएंकाजी ब्रह्मदेशात मंडालेला एका मारवाडी घरात जन्मले. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता आणि त्यापायीच ते १९५५ साली तिथल्या गुरूंकडे, ऊ बा खिन यांच्याकडे गेले. १९६९ मध्ये भारतात येऊन त्यांनी शिकवायला सुरुवात केली. हे ऐकताना मला सारखी आई आठवत होती.

करायचं काय, तर पहिले दिवस फक्त श्वास बघायचा. येतो आहे, जातो आहे. नाकाच्या खाली, वरच्या ओठावर तो कुठे लागतो तेवढंच. नाव घ्यायचं नाही, मूर्ती डोळ्यांपुढे आणायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण मन दोन श्वास टिकत नाही. गुडघा ठणकतो, मानेवर खाज सुटते, कधीकाळचं भांडण वर येतं. उठायचं नाही, चिडायचं नाही, ते कसं वाढतं आणि कसं ओसरतं ते पाहायचं. आता रोज पहाटे माडीवर बसते. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी मात्र हंडे भरून झाल्यावर. आईशी बोलताना माझा आवाज चढायचा ना, तो चढायच्या आधी छातीत काहीतरी घट्ट होतं, हे मला आता कळतं. कळलं की पुष्कळदा तिथेच थांबता येतं.

तिथला एक नियम तुला मुद्दाम सांगते. शिबिर चालू असेपर्यंत जप, पूजा, उदबत्ती, उपास सगळं थांबवायचं. यातलं काही वाईट आहे म्हणून नाही, एक गोष्ट नीट करून पाहता यावी म्हणून. त्यात ज्येष्ठातली एकादशी आली. ताटात वरण-भात होता आणि मी तो जेवले. जेवताना पोटात भीतीचा गोळा आला. आता काहीतरी होणार, कुणाला तरी काहीतरी होणार. देवाची आठवण त्या भीतीत कुठेच नव्हती, आजी. तेव्हापासून मी एकेक उपास काढून बघते आहे, हा मी कशासाठी करते?

एकादशी मी ठेवली आहे. तू कधी मला एकादशीचा धाक घातला नाहीस. पंढरपूर जवळ, वारी दारावरून जाताना पाहिलेली, त्या दिवशी हलकं खायचं आणि मन विठ्ठलाकडे ठेवायचं, एवढंच तू शिकवलंस. मी साबुदाणा आणि शेंगदाण्याचे लाडू सोडले, दूध-फळांवर राहते. भूक लागली की तीही श्वासासारखी बघता येते.

हरतालिकेचं तसं नाही. कहाणीत पार्वतीची तपश्चर्या आहे ती मला फार आवडते. बापाने ठरवलेलं लग्न नको म्हणून मैत्रिणीबरोबर रानात जाऊन बसलेली ती मुलगी! पण शेवटी येतं, या दिवशी काही खाल्लं तर बाई वांझ होते, विधवा होते, दारिद्र्य येतं. लहानपणी हे ऐकताना मी मांडी आवळून बसायचे. आईची अर्धशिशी पाणीही न घेतल्याने त्याच रात्री उठते. कपाळाला ओढणी करकचून बांधून, डोळे मिटून ती आरती म्हणते आणि आम्ही सगळे तिच्या निष्ठेचं कौतुक करतो. बाबांच्या आयुष्यासाठी आई एवढं करते, आईच्या आयुष्यासाठी बाबांना एकही उपास कुणी सांगितलेला नाही.

आता जे लिहिते ते लिहू की नको, असा बराच विचार केला. आजोबांच्या तेराव्याला ओसरीवर एक बाई म्हणाली होती, "व्रतात काहीतरी राहून गेलं असेल हातून." तू सुपात ज्वारी निवडत होतीस. तुझा हात थांबला नाही, पण त्यानंतर तू खडे आणि दाणे दोन्ही एकाच बाजूला टाकत होतीस. मी शाळेत होते, तरी मला ते कळलं. पुढच्या वटपौर्णिमेला तू आईचं ताट भरून दिलंस, सूत गुंडाळून दिलंस आणि स्वतः देवघरात दार लोटून बसलीस. लग्नापासून एक वटपौर्णिमा तू चुकवली नव्हतीस. आजोबांचं हृदय बंद पडलं, त्यात तुझं काहीही राहून गेलेलं नव्हतं. हे तुला कुणी म्हटलं नसेल तर मी म्हणते. ज्या व्रतात माणूस गेल्यावर बाईलाच दोषी धरता येतं, ते व्रत मला करवत नाही.

म्हणून यंदा मी निर्जळी करणार नाही. पूजा करीन. वाळू पाठव, पिंड मीच करीन, पत्री वाहीन, कहाणीही वाचीन, फक्त शेवटचा धाक वाचणार नाही. रात्री जागरणाला सगळ्या फुगड्या घालतील त्यात मीही असेन, पण पोटभर जेवून. आईला यात ओढू नकोस. तिने मला काही शिकवलेलं नाही, उलट "आजीला काय वाटेल" म्हणून तीच घाबरली आहे.

तू पहाटे तुळशीपाशी माळ घेऊन बसतेस तेव्हा तुझा चेहरा किती निवांत असतो ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. गणपतीला येशील तेव्हा एक दिवस माझ्याजवळ बस. तू तुझी माळ ओढ, मी माझा श्वास बघते. आणि पटलं नाही तर रागाव, पण फोनवर गप्प राहू नकोस.

एक काम मात्र तुलाच करावं लागेल. काकू साखरेची गोळी घेते. गोळी घेऊन दिवसभर पोटात काही नसेल तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, माणूस चक्कर येऊन पडतो. आमच्या लॅबमध्ये नवरात्रात अशा बायका रिक्षातून आणतात. ती डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. तू मोठी आहेस, तू "खा" म्हणालीस तर खाईल. हरतालिकेच्या आत तिच्याशी बोल.

काकांना नमस्कार, छोट्याला पापा. तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, तिखट कमी घातलंय.

तुझी,
मृणाल