ओवलेल्या सुया

नमस्कार. मी आजीच्या थोरल्या मुलीचा मुलगा. तुमच्यापैकी काहीजण तिला ताई म्हणायचे, काहीजण काकू, आणि शेजारपाजारची लहान मुलं नुसतंच 'मशीनवाली आजी'. मी सगळं लिहून आणलंय, कारण न वाचता बोलायला गेलो तर मध्येच थांबेन. तरीही थांबलोच, तर जरा वेळ द्या.

आजी ९१ वर्षांची होऊन गेली. गेले काही दिवस भेटायला येणारे सांगतात, पूर्ण आयुष्य जगल्या, कुणाला त्रास न देता गेल्या. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि मायेनं म्हटलेलं आहे. पण माझ्या जन्मापासून ४८ वर्षं जे माणूस होतं ते एका मंगळवारी नाहीसं झालं, आणि ९१ हा आकडा कितीही मोठा असला तरी त्या मंगळवाराला पुरत नाही. आईकडे बघा. ती ७० वर्षांची आहे. परवा रात्री ती मला म्हणाली, "आता मला 'अगं ए पोरी' म्हणणारं कोणी राहिलं नाही."

आजोबा गेले तेव्हा आजी ३८ वर्षांची होती आणि पदरात तीन मुलं. त्या दिवसांबद्दल ती फारशी बोलायची नाही. विचारलं तर म्हणायची, "मशीन होती ना." तेवढंच. लोकांचे कपडे शिवून तिनं आई, मावशी आणि मामा यांना वाढवलं, शिकवलं. मी तिला ओळखायला लागलो तोवर ते कष्टाचे दिवस सरले होते, पण पायमशीनचा आवाज सरला नव्हता. त्या आवाजात मी झोपलो आहे, अभ्यास केला आहे, तापानं फणफणून पडलो आहे.

ती फार प्रेमळ वगैरे बोलणारी बाई नव्हती, हे तिला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. टीप वाकडी गेली तर स्वतःवरच चिडायची. एकदा रात्री अकरा वाजता तिनं पूर्ण झालेलं पोलकं उसवायला घेतलं. मावशी म्हणाली, आतल्या बाजूला आहे, कोणाला दिसणार आहे? आजीनं वर न बघता उत्तर दिलं, "मला दिसलंय." सकाळी ते पोलकं नव्यासारखं घडी घालून तयार होतं, आणि मावशीशी ती दुपारपर्यंत बोलली नाही.

मला मुख्य सांगायचं आहे ते कोटाबद्दल.

मी १८ वर्षांचा असताना परीक्षेत नापास झालो. काठावर वगैरे नाही, चांगला तीन विषयांत. घरात कोणी ओरडलं असतं तर सोपं गेलं असतं, पण सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मी दोन दिवस खोलीतून बाहेर आलो नाही. तिसऱ्या दिवशी आजी आत आली. तिच्या हातात आजोबांचा जुना लोकरी कोट होता, ट्रंकेत २० वर्षांहून जास्त राहिलेला. तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला, हातात लहान कात्री दिली आणि म्हणाली, "हा उसवून दे."

कोट उसवणं म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी पहिलीच शिवण ओढून फाडायला निघालो, तसा तिनं माझा हात धरला. शिवणीच्या एका बाजूचा दर तिसरा टाका कापायचा, मग कापड उलटवून दुसऱ्या बाजूचा दोरा धरायचा आणि हळू ओढायचा. तो अख्खा हातात येतो. "जोर कापडाला लावायचा नाही," ती म्हणाली, "दोऱ्याला लावायचा." मग ती शेजारी बसून दुसरं काही शिवत राहिली. अस्तर निघालं, कॉलर निघाली, बाह्या सुट्या झाल्या. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तिनं परीक्षेचा शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी आपणहून बोलायला लागलो. मला काय येत नव्हतं, मी कुणाकुणाशी काय खोटं बोललो होतो, सगळं. तिनं ऐकलं. मशीन मात्र थांबवली होती, हे मला नंतर लक्षात आलं.

सगळे तुकडे सुटे झाल्यावर तिनं एक तुकडा उलटा करून खिडकीपाशी धरला. बाहेरची बाजू विटून भुरकट झाली होती. आतली बाजू, जिला कधी ऊन लागलंच नव्हतं, ती गडद निळी होती. "हे बघ, कापड अजून नवंच आहे." तिनं तेच तुकडे आतली बाजू बाहेर करून पुन्हा जोडले आणि माझ्या मापाचा कोट शिवला. असा उलटवलेला कोट ओळखायची एक खूण असते: छातीवरचा खिसा डावीकडे असतो तो उजवीकडे जातो. दुसऱ्या वेळी पास होऊन पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा मी तोच कोट घातला होता. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, खिसा उजवीकडे कसा? मी म्हणालो, माझ्या आजीनं शिवलाय. त्याहून जास्त मला तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगतोय.

दुसरी गोष्ट धूमकेतूची. आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची.

१९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा आजीची आई लहान मुलगी होती. त्याची लांबलचक शेपटी तिनं अंगणातून बघितली होती आणि आयुष्यभर ती त्याचं वर्णन करायची. आजीनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की १९८६ मध्ये तो परत येणार म्हटल्यावर ती वर्षभर आधीपासून वाट बघत होती. आईनं बघितलं ते आपण बघायचं. मार्चमध्ये एका पहाटे तिनं मला उठवलं, मी नऊ वर्षांचा होतो, आणि आम्ही दोघं गच्चीवर गेलो. अंगावर एकच शाल, तिची अर्धी आणि माझी अर्धी. आग्नेयेकडे बघायचं एवढं तिनं वर्तमानपत्रातून कापून ठेवलं होतं. आम्ही खूप वेळ बघत उभे राहिलो. मग मी ओरडलो, "दिसला! तो बघ!" आजी म्हणाली, "हो रे, दिसला." आणि डोळे पुसले.

नंतर मोठा झाल्यावर मी वाचलं की त्या फेरीत तो सूर्याच्या सगळ्यात जवळ होता तेव्हा पृथ्वी नेमकी सूर्याच्या पलीकडल्या बाजूला होती. इतका फिका तो गेल्या दोन हजार वर्षांत कधी दिसला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिनं मला अचानक विचारलं, "तुला तेव्हा खरंच दिसलं होतं का रे ते शेंडेनक्षत्र?" मी जरा थांबलो आणि म्हणालो, नाही. तू थंडीत कुडकुडत होतीस, म्हणून म्हणालो. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मलाही नाही दिसलं. तू एवढा आनंदानं ओरडलास, म्हणून हो म्हटलं." ३६ वर्षं आम्ही दोघांनी एकमेकांसाठी ते जपलं होतं. तो आता २०६१ मध्ये येईल. मी तेव्हा ८४ वर्षांचा असेन. हे तिला सांगितल्यावर तिनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "कोणाला तरी बरोबर घेऊन जा हं. आणि दोन शाली ने."

शेवटचे आठ दिवस ती फारशी शुद्धीत नव्हती. डोळे मिटलेले, पण हात चालू. चादरीची कड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून ती पुढे पुढे सरकवायची, टोक आलं की पुन्हा सुरुवातीपासून. तिथल्या एका सिस्टरनं मला सांगितलं की अशा अवस्थेत पुष्कळ जण चादर चाचपतात, त्याला अर्थ नसतो. असेलही तसं. पण मी तिची बोटं ४८ वर्षं बघितली आहेत. ती दुमड तपासत होती.

मी तिथे होतो ते दिवसा. रात्री मामा होता. ती पहाटे गेली. मला यायला ४० मिनिटं लागली, आणि तोवर तिचा हात गार झाला होता. मामा, तू होतास, याचा मला फार आधार आहे.

आता शेवटचं. दहाएक वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तिला सुईत दोरा ओवता येईना. मग मी गेलो की ती सुयांची उशी पुढे करायची. मी दहा सुया ओवून द्यायचो, पाच पांढऱ्या दोऱ्याच्या, पाच काळ्या. लांब दोरा ठेवायचा, हातभर. मी पुढच्या वेळी येईपर्यंत तिला त्या पुरायच्या. सुरुवातीला मी दर आठवड्याला जायचो. मग पंधरवड्यानं. मग महिन्यानं. ती कधी म्हणाली नाही की ये. फोनवर एवढंच सांगायची, "दोनच राहिल्यात हं." मला वाटायचं ती सुयांबद्दल बोलतेय. एकदा म्हणाली, "संपल्या, पण शेजारच्या मुलीनं ओवून दिल्या, तू घाई करू नकोस." मी खरंच घाई केली नाही. हे मी तिच्यापाशी कधी कबूल केलं नाही. तिला ते माहीत होतं असं मला वाटतं.

परवा तिची खोली आवरताना मशीनच्या खणात ती उशी सापडली. शेवटच्या भेटीत मी ओवलेल्या दहांपैकी तीन सुया रिकाम्या होत्या. सात तशाच, दोरा लोंबत असलेल्या. आई म्हणाली, काढून ठेव. मला जमलं नाही. उशी तशीच घरी आणली.

आज सकाळी इथे यायला निघताना या शर्टचं वरून दुसरं बटण तुटून हातात आलं. शर्ट तिनंच शिवलेला आहे. मी उशीतली एक पांढरी सुई घेतली आणि उभ्या उभ्या बटण लावलं. गाठ तिच्यासारखी आली नाही, पण घट्ट आहे. आता सहा राहिल्यात, आजी.