गुलाबी बोंडअळी: कपाशी बीटी असून वाचली कशी (कच्ची वही, माझ्या भाषेत)

पक्क्या वहीत सरांचं बोलणं जसंच्या तसं साडेचार पानं उतरवलंय. काल वाचायला घेतलं तर निम्मं डोक्यावरून गेलं. लिहिताना हात चालला, डोकं नाही. म्हणून इथं परत, जे समजलं तेवढंच, वाटेल त्या क्रमानं. (सुजाता, वही नेशील तर रविवारच्या आत दे.)

पहिलं वाक्य वहीत असं आहे: "सततच्या निवड दबावामुळे किडीच्या समष्टीत प्रतिकारक जनुकांची वारंवारता वाढते." परीक्षेत हेच लिहायचं. पण अर्थ एवढाच की औषध अळीला शिकवत नाही. अळी "सवय" लावून घेत नाही. मी आधी तसंच समजत होते, बाबाही तसंच म्हणतात, "अळीले सवय पडली." नाही. ज्या मरायच्या त्या मरतात, आणि आधीपासूनच ज्यांच्यात काहीतरी वेगळं होतं त्या उरतात. पुढची पिढी उरलेल्यांची. बस.

अळी कोणती

पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. स्पेलिंग शेवटच्या पानावर, तीनदा लिहून काढलंय. अंडी पात्यावर म्हणजे कोवळ्या कळीवर, फुलाजवळ, नंतर हिरव्या बोंडाच्या देठाकडच्या पाकळ्यांखाली. अळी निघाली की लगेच आत घुसते आणि शिरलेलं भोक बुजून जातं. बोंड बाहेरून एकदम धड दिसतं. इथंच सगळा घोळ. आत गेल्यावर फवारा तिच्यापर्यंत जातच नाही. फुलात असेल तर पाकळ्या धाग्यानं गुंडाळून घेते, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं दिसतं = डोमकळी (हमखास 2 मार्क). लहानपणी पांढरट, मोठी झाली की गुलाबी. म्हणजे "गुलाबी दिसली का?" विचारून फायदा नाही, दिसली तेव्हा तिचं जेवण होत आलेलं असतं. सरकी खाते, रुई डागाळते, बोंड नीट उकलत नाही, कवडी होते. अंडं ते पतंग साधारण महिनाभर, म्हणजे एका हंगामात बऱ्याच पिढ्या.

बीटी म्हणजे काय (थोडक्यात, हे बारावीत झालंय)

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू, त्याचं जीन पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडात. झाड स्वतःच प्रथिन बनवतं, ते अळीच्या आतड्यात जाऊन चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. 2002 ला भारतात परवानगी, एक जीन (क्राय वन एसी). 2006 ला बीजी-2, दोन जीन (सोबत क्राय टू एबी). विचार असा की एकाला पुरून उरली तरी दुसरं मारेल. पहिल्या जीनला गुलाबी अळी पुरून उरल्याचं 2010 ला गुजरातमधून जाहीर झालं. नंतर दुसऱ्यालाही. आपल्याकडं विदर्भात 2017 चा हंगाम या अळीनं खाल्ला, तो सगळ्यांना आठवतो.

बाबांचं मत 2017 पासून एकच: बियाणं बोगस. मीही तेच धरून बसले होते. पण बोगस असतं तर हिरवी बोंडअळीही आली असती ना? ती फारशी आली नव्हती. एकाच झाडावर एक मरते, दुसरी जगते. मग गोष्ट बियाण्याच्या खरेखोटेपणाची राहत नाही.

आश्रय पट्टा (इथं मी सगळ्यात जास्त अडकले)

वहीतलं वाक्य: "उच्च मात्रा व आश्रय धोरणात संवेदनशील पतंग प्रतिकारक पतंगांशी समागम करून विषमयुग्मी संतती निर्माण करतात." तीन वेळा वाचलं. आता माझ्या पद्धतीनं.

प्रत्येक अळीत त्या जीनच्या दोन चिठ्ठ्या, एक आईची, एक बापाची. सं = मरणारी चिठ्ठी, प्र = पुरून उरणारी. प्र अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या प्र असतील तरच अळी जगते.

सं-सं → मरते
सं-प्र → विष भरपूर असेल तर मरते
प्र-प्र → जगते

आता हिशेब (आकडा मानलेला, खरा नाही). समजा हजार चिठ्ठ्यांत एक प्र. मग प्र-प्र अळी = 1/1000 × 1/1000 = दहा लाखांत एक. सं-प्र = दुप्पट करून साधारण हजारात दोन, म्हणजे दहा लाखांत जवळपास 2000. (आधी मी इथं 1000 लिहिलं होतं. दोन करायचं विसरले. आई-बाप दोन्हीकडून येऊ शकते म्हणून दुप्पट.)

म्हणजे दहा लाख अळ्यांत खरी जगणारी एकच. शेतात फक्त बीटी असेल तर बाकी सगळ्या मेल्या, ही एक उरली, शेजारच्या शेतातली अशीच एक उरली, दोघींच्या पतंगांची गाठ पडली → पोरं सगळी प्र-प्र. संपलं.

पण बाजूला साध्या पऱ्हाटीचा पट्टा असेल तर तिथून हजारो सं-सं पतंग उडतात. आपल्या त्या एका प्र-प्रला जोडीदार मिळणार तो बहुतेक सं-सं. पोरं सं-प्र. ती बीटी झाडावर गेली की मरतात. म्हणजे साध्या कपाशीत अळी मुद्दाम पाळायची, त्या कामाच्या अळ्या. उलटं वाटतं पण हेच आहे. आधी मला वाटायचं आश्रय म्हणजे बीटीला आडोसा.

नियमात पट्टा किती? बीटीभोवती 5 ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, जे जास्त ते. त्यासाठी 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची साधी पुडी यायची. आमच्या घरी त्या पुड्या कोठ्यातल्या टिनाच्या डब्यात पडून होत्या, मी स्वतः पाहिल्यात. बाबांना विचारलं, "काऊन नाही पेरली?" तर म्हणाले, "अळीसाठी पेरू काय वावरात?" त्यांचं चूक कसं म्हणू, पुडीसोबत कारण कोणी सांगितलंच नव्हतं. आता साधं बी बीटीतच मिसळून एकाच पाकिटात येतं, म्हणून वेगळी पुडी दिसत नाही.

हिरव्या बोंडअळीचं काय? तिला तूर, हरभरा, टमाटर सगळं चालतं. आपल्याकडं कपाशीत तूर असतेच, म्हणजे तिचा आश्रय पट्टा फुकटात लागलेला. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते. तिला तुरीचा काही उपयोग नाही. पेपरात "फरक स्पष्ट करा" आलं तर हा मुद्दा आधी. सरांनी एका ओळीत सांगितला आणि पुढं गेले, मला तर सगळ्यात मोठा तोच वाटला.

सोळा सरक्यांचा भाग

हे सरांनी तास संपताना सांगितलं, बेल झाली, अर्धी पोरं उठली होती. म्हणून वहीत अर्धंच आहे. रात्री बसून जुळवलं.

आपल्याकडं बीटी म्हणजे संकरित बियाणं. बहुतेक एका पालकात जीन, दुसऱ्यात नाही. झाड बीटी असतंच, पण जीनची जोडी अर्धीच. त्या झाडाच्या बोंडातल्या सरक्या म्हणजे पुढची पिढी, तिथं मेंडेल सुरू. दोन जीन, 9:3:3:1. सोळा सरक्या धरल्या तर:

9 मध्ये दोन्ही विषं
3 मध्ये फक्त पहिलं
3 मध्ये फक्त दुसरं
1 मध्ये काहीच नाही

एका बोंडात साधारण तीस सरक्या धरल्या तर दोनेक एकदम बिनविषारी. गुलाबी अळी सरकी खाते हे लक्षात ठेवून बघ. एका सरकीत विष कमी, एकात जास्त, एकात नाही, म्हणजे तिला थोडं थोडं चाखायला मिळतं. वरची अट होती "विष भरपूर असेल तर" सं-प्र मरते. इथं भरपूर नाही. सं-प्र वाचते. आणि सं-प्र दहा लाखांत एक नव्हती, दोन हजार होत्या!! (इथं मला खरंच "अरे" झालं.) ज्या देशांत संकर न केलेलं सरळ वाण लावतात तिथं जीनची जोडी पूर्ण, म्हणून बोंडातली प्रत्येक सरकी विषारी असते.

त्यात झाड म्हातारं झालं की विष कमी होतं, साधारण 110 दिवसांनंतर. म्हणजे बोंडं भरतात तेव्हाच.

फरदड

पाणी असलेले डिसेंबरनंतरही पऱ्हाटी ठेवतात, मार्च-एप्रिलपर्यंत. दोन क्विंटल जास्त निघतो, तेवढ्यावर पोरीची फी भरली जाते, हे सरांना कोणी सांगावं. (सर म्हणाले "लोभ". मला पटलं नाही, पण किडीच्या बाजूनं सर बरोबर आहेत.) अळीला अन्न तुटतच नाही, विष मात्र कमी झालेलं.

थंडीत शेवटची पिढी कोषात न जाता झोपते: सुप्तावस्था. कुठं? दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात, पडलेल्या बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात, जिनिंगच्या सरकीत. आमच्या घरामागं पऱ्हाटीचा ढीग पावसाळ्यापर्यंत असतो, आईला चुलीला लागतो. म्हणजे अळीला खोली भाड्यानं दिली आहे म्हणायचं.

पहिल्या पावसानंतर पतंग निघतात. तेव्हा शेतात पाती-फुलं नसतील तर अंडी घालायला जागा नाही, पतंग तसेच मरतात = आत्मघाती उदय. म्हणून मे महिन्यात धूळपेर किंवा ठिबकवर लवकर लावायची नाही. एकानं लवकर लावली की सगळ्या शिवाराचे पतंग त्याच्याकडं. हे एकट्यानं करून होत नाही, इथं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, सरांना विचारायचं राहिलं.

अमेरिकेत ही अळी संपवली, 2018 ला जाहीर केलं. बीटी होतीच, सोबत वांझ केलेले पतंग सोडले, सापळे, हंगामानंतर शेत मोकळं. फक्त बीटीनं झालं असं लिहायचं नाही, मार्क कापतात.

प्रॅक्टिकलला विचारतात

कामगंध सापळा: मादीचा वास (गॉसिप्ल्युर) असलेली ल्युअर, नर येऊन अडकतो. पाहणीसाठी एकरी 2, हेक्टरी 5. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग → नुकसानीची पातळी. किंवा 20 हिरवी बोंडं तोडून फोडायची, 2 मध्ये जिवंत अळी → फवारा. बोंडं वेगवेगळ्या झाडांची, एकाच ओळीतली नाही. पेरणीपासून 45 दिवसांनी सापळे लावून ठेवायचे.

बोंड फोडताना नखानं नाही, विळ्यानं. मागच्या वेळी माझ्या बोंडातली अळी नखाखालीच मेली आणि "जिवंत" मध्ये धरली गेली नाही.