टाकी धुण्याची नोटीस परत टाका की

दादा, नमस्कार. बी विंग, ३०२ मधून बोलतोय. काल रात्री ग्रुपवरची गुड मॉर्निंगची फुलं साफ करताना तुमच्याकडून टाकी धुण्याची नोटीसपण उडाली बघा. आता तिथं नुसतं 'मेसेज डिलीट केला' एवढंच दिसतंय. रविवारी पाणी बंद, हे ध्यानात आहे. पण सकाळी ८ पासून की १० पासून, यावरनं आमच्या जिन्यात दोन पार्ट्या पडल्यात. शेजारच्या काकूंनी तर आजच पिंप, कळशी, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवलाय! सेक्रेटरींच्या सहीचा तो फोटो तुमच्या गॅलरीत असेलच. तेवढा परत टाका की, आणि या खेपेला पिन करून ठेवा. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायच्या आधी जमलं तर बरं होईल.