वेब होस्टिंग सेवा-स्तर करार

(1 एप्रिल 2025 च्या मुख्य होस्टिंग कराराचे परिशिष्ट 'ब')

1. पक्ष आणि सेवा
पुण्यातील होस्टिंग पुरवठादार (यापुढे 'कंपनी') आणि सांगलीहून हळद-बेदाण्याची ऑनलाइन विक्री करणारी भागीदारी संस्था (यापुढे 'ग्राहक') यांच्यात हे परिशिष्ट लागू राहील. सेवा म्हणजे 2 व्हीसीपीयू, 4 जीबी रॅम आणि 80 जीबी एसएसडीचा एक व्हर्च्युअल सर्व्हर, त्यावरील वेब सर्व्हर व डेटाबेस, आणि कंपनीचे नेमसर्व्हर. मासिक शुल्क ₹6,000 अधिक जीएसटी. ईमेल आणि बॅकअप या परिशिष्टात येत नाहीत.

2. हमी
दर कॅलेंडर महिन्यात किमान 99.90 टक्के उपलब्धता. 30 दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ जास्तीत जास्त 43 मिनिटे 12 सेकंद बंद.

3. मोजणी
3.1 मुंबई, बेंगळुरू आणि सिंगापूर येथील तपासणी केंद्रांवरून दर 60 सेकंदांनी `/health.php` या पानाची मागणी केली जाईल. हे पान डेटाबेसमधून एक नोंद वाचूनच 200 हे उत्तर देते. नुसते मुखपृष्ठ तपासले तर ते कॅशमधून उघडत राहते आणि डेटाबेस बंद पडल्याचे कळतच नाही.

3.2 10 सेकंदांत उत्तर न येणे किंवा 500 ते 599 यांपैकी कोड येणे म्हणजे अपयश. तीनपैकी किमान दोन केंद्रांना सलग दोन तपासण्यांत अपयश आले, तर पहिल्या अपयशी तपासणीपासून बंद काळ सुरू होईल. किमान दोन केंद्रांना सलग दोन यशस्वी उत्तरे मिळाली की त्यांतल्या पहिल्या उत्तराशी तो संपेल. एकाच केंद्राला साइट दिसत नसेल, तर बहुधा त्या मार्गावरील नेटवर्कची अडचण असते. ती मोजली जाणार नाही.

3.3 प्रमाणपत्राचे नूतनीकरण कंपनीकडे असल्याने टीएलएस प्रमाणपत्राची मुदत संपून आलेले अपयश बंद काळात धरले जाईल.

3.4 महिना भारतीय प्रमाणवेळेनुसार मोजला जाईल. सर्व्हरच्या नोंदी यूटीसीत असतात, म्हणून ताळा करताना 5 तास 30 मिनिटे मिळवावीत.

3.5 सूत्र असे:

```
उपलब्धता % = (T − M − D) ÷ (T − M) × 100
```

T म्हणजे महिन्याची एकूण मिनिटे, M म्हणजे कलम 5 व 6 नुसार वगळलेली आणि D म्हणजे उरलेली बंद मिनिटे. उत्तर दोन दशांशांवर तोडावे, वर पूर्णांकित करू नये, 99.896 हे 99.89 च राहील.

4. सेवा-सवलत

| उपलब्धता (%) | मासिक शुल्कातील सवलत |
|---|---|
| 99.50 ते 99.89 | 10% |
| 99.00 ते 99.49 | 20% |
| 95.00 ते 98.99 | 30% |
| 95.00 पेक्षा कमी | 50% |

उदाहरण: जूनमध्ये T = 43,200, M = 180, D = 130 असल्यास 42,890 ÷ 43,020, म्हणजे 99.69 टक्के, सवलत ₹600.

टक्केवारी जीएसटीपूर्व शुल्कावर लागेल. ग्राहकाने महिना संपल्यापासून 15 दिवसांत बंद पडल्याची तारीख व वेळ देऊन पॅनेलमधून तिकीट नोंदवावे. कंपनी 7 कामकाजाच्या दिवसांत तपासणी-नोंदी जोडून उत्तर देईल. मंजूर रकमेची क्रेडिट नोट पुढील बिलासोबत मिळेल, रोख परतावा नाही. सहा महिन्यांत तीनदा उपलब्धता 99.00 टक्क्यांखाली गेली, तर ग्राहक दंडाविना करार संपवू शकेल आणि उरलेले आगाऊ शुल्क मात्र रोख परत मिळेल.

5. नियोजित देखभाल
5.1 रविवारी पहाटे 1 ते 5 या वेळेतली, किमान 72 तास आधी ईमेल व पॅनेलवर कळवलेली देखभाल वगळली जाईल. मर्यादा महिन्याला 240 मिनिटे. सूचनेत काम, सुरू होण्याची वेळ आणि अपेक्षित अवधी हवा. 'देखभाल होईल' एवढेच लिहिलेली सूचना ग्राह्य नाही.

5.2 फक्त प्रत्यक्ष बंद मिनिटे वगळली जातील, जाहीर केलेला पूर्ण अवधी नव्हे. काम 5 च्या पुढे लांबले, तर पुढचे प्रत्येक मिनिट D मध्ये जाईल. कर्नल बदलल्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू न होणे हे लांबण्याचे नेहमीचे कारण, त्यामुळे कामाआधी स्नॅपशॉट घेणे कंपनीवर बंधनकारक आहे.

5.3 घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत नियोजित देखभाल होणार नाही. ग्राहकाच्या विक्रीचा हाच हंगाम आहे.

5.4 तातडीचा सुरक्षा पॅच 2 तासांच्या सूचनेने, हंगामातही, लावता येईल. त्यासाठी तिमाहीत 60 मिनिटेच वगळली जातील.

6. इतर अपवाद
ग्राहकाचा कोड, प्लगइन किंवा `.htaccess` मधील चूक. ग्राहकाने डोमेनचे नूतनीकरण न करणे. पेमेंट गेटवे वा ओटीपी सेवेतील बिघाड. 15 दिवसांहून अधिक थकलेल्या बिलामुळे केलेले निलंबन. ग्राहकाच्या गर्दीने रॅम संपली तर तो काळही वगळला जाईल, पण त्या वेळचा वापर-आलेख कंपनीने द्यावा. शेजारच्या ग्राहकामुळे होस्टवर ताण आला, तर ती कंपनीची जबाबदारी. अपवाद सिद्ध करण्याचा भार नेहमी कंपनीवर राहील.

7. वाद
नोंदींत फरक आढळल्यास तिन्ही केंद्रांच्या मूळ नोंदी प्रमाण मानल्या जातील. कंपनी त्या 12 महिने जपेल. न्यायक्षेत्र पुणे.