विषय: 1 जूनपासून बॉक्सचे नवे दर, 31 मेपर्यंतच्या ऑर्डर जुन्याच दराने

दि. 15 एप्रिल 2026

स.न.वि.वि.

1 जून 2026 पासून आमच्या 5 प्लाय बॉक्सचे दर साडेसहा टक्क्यांनी आणि 3 प्लाय बॉक्सचे साडेपाच टक्क्यांनी वाढत आहेत. पार्टिशन, पॅड आणि छपाईचे दर आहेत तेच राहतील. आपल्याला खर्चाचा मेळ बसवायला वेळ मिळावा म्हणून दीड महिना आधी कळवत आहे.

आमच्याकडून सर्वांत जास्त जाणाऱ्या 18 × 12 × 12 इंची 5 प्लाय बॉक्सचाच हिशोब मांडतो. हा बॉक्स 54 रुपयांवरून 57.50 रुपयांना होईल, जीएसटी वेगळा. त्याचं वजन साधारण 900 ग्रॅम. जानेवारीपासून क्राफ्ट पेपर आम्हाला किलोमागे 4 रुपयांनी महाग पडतो आहे. कटिंगचं वेस्टेज धरलं तर एका बॉक्समागे कागदाचाच खर्च 3.78 रुपयांनी वाढला. आपल्याकडून आम्ही 3.50 रुपये मागत आहोत. उरलेले पैसे, वाढलेलं भाडं आणि मजुरी आमच्या अंगावर.

जीएसटीचाही खुलासा करतो, कारण बऱ्याच जणांनी विचारलं. 22 सप्टेंबर 2025 पासून बॉक्सवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण क्राफ्ट पेपरवर आम्ही 18 टक्के भरतो. फरकाचा परतावा मिळतो, मात्र तो हातात येईपर्यंत भांडवल अडकून राहतं आणि बँकेचं व्याज सुरू असतं. हा बोजा नव्या दरात धरलेला नाही.

दर न वाढवता भागवायचा एक मार्ग होता: आतल्या थरांचा जीएसएम गुपचूप उतरवायचा. बाहेरून बॉक्स तसाच दिसतो, डिस्पॅचलाही कळत नाही. कळतं ते पावसाळ्यात, गोडाऊनमध्ये दमट हवेत पाच-सहा थरांची थप्पी आठवडाभर उभी राहिली की. खालच्या बॉक्सचे कोपरे बसतात, थप्पी कलते आणि आतला माल रिजेक्ट होतो. आपले मशीन केलेले पार्ट त्या बॉक्सच्या कितीतरी पट किमतीचे असतात. म्हणून कागद तोच, बीएफ तोच, वजनही तेच राहील.

आता आपल्यासाठी काय करता येईल ते.

31 मेपर्यंत आलेली पीओ जुन्या दरानेच धरू आणि त्यावरचा माल 30 जूनपर्यंत उचलता येईल. एवढीच विनंती, की ऑर्डर आपल्या नेहमीच्या महिन्याच्या दीडपटीच्या आत ठेवा, म्हणजे सगळ्यांनाच पुरवता येईल. नवे दर 30 नोव्हेंबरपर्यंत पक्के. मधे कागद आणखी चढला तरी वाढ होणार नाही. आणि तो किलोमागे 2 रुपये किंवा जास्त उतरला, तर पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून आम्ही आपणहून दर कमी करू, आपल्याला मागावं लागणार नाही. उधारी 45 दिवसांचीच राहील. 15 दिवसांत पेमेंट करणाऱ्यांना बिलावर दीड टक्का सूट सुरू करत आहोत.

काही ठिकाणी मात्र वाढ पूर्ण टाळता येईल असं मला वाटतं. बऱ्याच साइझ काही वर्षांपूर्वी ठरल्या; पार्ट बदलले, बॉक्स तोच राहिला. आत रिकामी जागा उरत असेल तर लांबी अर्धा-एक इंच कमी करून, किंवा हलका माल 5 ऐवजी 3 प्लायमध्ये टाकून खर्च कमी होतो. आमचा माणूस आपल्या पॅकिंग लाइनवर येऊन मोजमाप घेईल, नमुने देईल. कॉम्प्रेशन टेस्टचा रिपोर्ट पाहून मगच निर्णय घ्या. याचे पैसे नाहीत. नवा डाय लागला तर तोही या वेळी आमच्या खर्चाने.

आपण इतरांकडूनही कोटेशन मागवाल, ते रास्तच आहे. फक्त कोटेशनवर प्लाय, जीएसएम, बीएफ आणि बॉक्सचं वजन लिहून घ्या, आणि आलेला नमुना काट्यावर ठेवून बघा. तेवढ्याच वजनाच्या, त्याच बीएफच्या बॉक्सला कमी दर मिळत असेल तर निर्णयाआधी मला कळवा. जमण्यासारखं असेल तर जमवू, नसेल तर तसं स्पष्ट सांगू.

आपल्या ऑर्डरवर आमच्या युनिटमधली माणसं अवलंबून आहेत, आणि आपलं काम आमच्याकडेच राहावं अशी मनापासून इच्छा आहे. आपल्या प्रत्येक साइझचा जुना-नवा दर सोबतच्या तक्त्यात दिला आहे. लाइनवर माणूस कधी पाठवू, तेवढं या ईमेलला उत्तर देऊन कळवा. 25 एप्रिलपासून भेटी सुरू करत आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्रोप्रायटर, कोरुगेटेड बॉक्स युनिट
भोसरी एमआयडीसी, पुणे

ता.क. पावसाळ्यासाठी जादा स्टॉक करायचा असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यातच पीओ द्या. शेवटच्या आठवड्यात मशीनवर गर्दी होईल.