चाळीचं गाणं मला सांगू नकोस

नातू म्हणतो, "बोल गं आजी, कशा मस्त त्या चाळी!
दारं उघडी, एकच कुटुंब, एकच सगळ्यांची दिवाळी!"
फोन धरलाय तोंडासमोर, पोज घेतलीय निराळी,
त्याला वाटतं, म्हातारी आता गाईल गोड भूपाळी.

वरळीच्या त्या बीडीडीत, बाळा, जन्म गेला रे चाळी,
आधी सांगते ते ऐकून घे, मग वाजव हवी तर टाळी.

पहाटे चारला पाणी यायचं, पळायचं ते सकाळी,
हंडे-कळशा रांगेत लावून बसायचं धरून पाळी.
शेजारीण माझा हंडा सरकवी, वर मलाच ती जाळी,
उजाडायच्या आत रोजची आमची नळावर लाथाळी.
तिसऱ्या माळ्यावर पाणी चढेना, त्यातून दिवस उन्हाळी,
भरलेल्या कळशा खांद्यावरनं नेल्या जन्मभर आळीपाळी,
डावा खांदा अजून शेकते रोजच्या रोज हिवाळी.

माळ्यावरती वीस बिऱ्हाडं, संडासाला पाळी,
टमरेल हातात, कडी वाजवून जो तो देई हाळी.
पुढं सासरा, मागं शेजारी, सून बिचारी ओशाळी,
आणि त्यातच महिन्याची ती बाईची आलेली पाळी!
फडकी कुठं वाळत घालायची? दोरी, गॅलरी, जाळी,
जाता-येता शंभर डोळे, नजर कुणाची कोण टाळी?
लुगड्याखाली दडवून वाळवली, ओलीच घेतली पावसाळी.
यावर कुणाची कविता नाही, सगळ्यांना हवी दिवाळी.

१६० फुटांत माणसं दहा, भिंत स्टोव्हनं काळी,
दीर गॅलरीत, पोरं मोरीशी, जागा मिळेल ती सांभाळी.
नवऱ्याशी दोन शब्द बोलावे तर सासू जागी त्रिकाळी,
कूस बदलली तरी कळायचं खालच्या अख्ख्या आळी.

तुझा आजा गिरणीत बदली, आज ही, उद्या ती पाळी,
भोंगा झाला की जिन्यानं धावे, हातात भाकरीची गुंडाळी.
केसांत रुई, छातीत घरघर, नखं तेलानं काळी,
रात्रपाळीचा माणूस झोपेला घरी यायचा सकाळी,
झोपणार कुठं? उशाशी त्याच्या पोरासोरांची किंकाळी!
पगाराच्या त्या दिवशी मात्र तोंडावर यायची झळाळी.

८२च्या जानेवारीत संप, गेटावर घोषणा, टाळी,
वाटलं, महिन्यात मिटून जाईल, गोड करू की दिवाळी.
दिवाळी गेली, दुसरी गेली, संपल्या घरातल्या डाळी,
आधी बांगडी, मागून पाटली, शेवटी कानाची बाळी.
आजा नुसता बसून राही हात लावून कपाळी.

खरं सांगते, तेव्हा धावली तीच, जी मला जाळी,
न विचारता दाराशी ठेवी झाकलेली भरली थाळी.
वर ऐकवी, "भांडी परत दे, घासून, उद्या सकाळी!"
हे लिही खुशाल. पण म्हणून का पूजायच्या त्या चाळी?

"आजी, ते नको, गच्ची सांग ना, चांदणं टिपूर आभाळी!"
गच्चीला कुलूप, किल्ली बाबा सेक्रेटरी सांभाळी.
गोविंदा होता, गणपती होता, कोण म्हणतंय टवाळी?
पण पंगत उठली की भांडी कुणी घासली रात्रीच्या काळी?

आता बघ, ५०० फुटांचं घर, खिडकीला नवी जाळी,
संडास घरात! कडी लावून बसते निवांत सकाळी.
नळ फिरवला की पाणी हजर, ना हंडा, ना ती पाळी,
मोरीचं झालंय बाथरूम, बाई, टाइल्सना काय झळाळी!
सुनेनं कुंडीत लावली तुळस, तेवढीच हिरवाळी.
लिफ्ट कधी बंद पडते, पाऊस घुसतो अवकाळी,
मेंटेनन्सचा आकडा वाचून पोराच्या आठ्या भाळी.
तिसाव्या माळ्यावर कोण येणार मारत खालून हाळी?
समोरचं दार बंदच असतं, त्यांची रीत निराळी.
तरी विचारशील, "परत जातेस?" तर हात जोडते कपाळी!

काठी घेऊन खाली उतरते रोजच संध्याकाळी,
चौघी आम्ही, आठ गुडघे, एकमेकींची टवाळी.
बाकड्यावर सावली एकीपुरती, तिथंही लागते पाळी,
आणि माझी पिशवी सरकवून बसते तीच, थाळीवाळी!